'त्यांनी' म्हणजे नक्की कोणी? एका वाक्याचे चार अर्थ

शाईपेन
एका कारखान्यातले अंतर्गत अहवाल वाचण्याजोगे करून देणं हे माझं काम. माणसं घाईत लिहून देतात, मी ते नीट मांडते. काल एका किरकोळ घटनेचा अहवाल आला. कोणाला लागलं नाही, पण उंचीवरच्या कामात सुरक्षा पट्टा सोडला गेला म्हणून नोंद झाली. त्यातलं हे वाक्य, जसंच्या तसं:

"शिडीवरून उतरताना पर्यवेक्षकांनी कामगारांना पाहिले व त्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आपला पट्टा सोडला."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळं कळलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काहीच कळेना. शिडीवर कोण होतं? कोणी सांगितलं? पट्टा कोणाचा सुटला? मी ते असं केलं:

"पर्यवेक्षकांनी कामगारांना शिडीवरून उतरताना पाहिले. त्यानंतर त्यांच्या सांगण्यावरून कामगारांनी त्यांचा पट्टा सोडला."

शेजारी बसणारा सहकारी म्हणतो, उगाच वेळ घालवतेस, संदर्भाने कळतंच. वरिष्ठांना दोन्ही वाक्यं दाखवली तर ते म्हणाले, हेच बरोबर आहे. पण माझं समाधान झालेलं नाही. एकच अर्थ निघेल असं हे वाक्य कसं लिहाल?

मी_काय_म्हणतो
सहकाऱ्याशी सहमत. शिडीवर कामगारच असणार. पर्यवेक्षक कशाला चढतोय शिडीवर!

तिरकी रेघ
सोपं आहे. ज्या शब्दाबद्दल बोलायचं त्याच्या शेजारी ते विशेषण किंवा तो क्रियेचा तुकडा ठेवायचा. मूळ वाक्यात "शिडीवरून उतरताना" हे "पर्यवेक्षकांनी"ला चिकटून होतं म्हणून घोळ झाला. तुम्ही ते "कामगारांना"च्या शेजारी नेलंत, तिथेच प्रश्न मिटला. सर्वनामांचंही तेच. जवळचं नाम पकडायचं. "त्यांच्या"च्या आधी सगळ्यात जवळ कोण? कामगार. झालं.

निवांत
जवळचं नाम पकडायचं तर तुमच्या हिशोबाने कामगारांच्या सांगण्यावरून कामगारांनी पट्टा सोडला. स्वतःच स्वतःला सांगितलं. एकटेपणा वाईटच.

तिरकी रेघ
:) बरं, सर्वनामांचा नियम मागे घेतो. शेजारचा नियम मात्र पक्का आहे.

जुना खोडरबर
तिरकी रेघ, तोही पक्का नाही. इंग्रजीत चालतो, कारण तिथे शब्दाचं काम बरंचसं त्याच्या जागेवरून ठरतं. मराठीत ते काम प्रत्यय करतात. त्यामुळे शब्द हलवला पण प्रत्यय तोच राहिला, तर शंकाही तीच राहते. ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा:

पर्यवेक्षकांनी शिडीवरून उतरताना कामगाराला पाहिले.
पर्यवेक्षकांनी कामगाराला शिडीवरून उतरताना पाहिले.

दुसऱ्या वाक्याचा कल कामगाराकडे आहे, कबूल. पण कल म्हणजे खात्री नव्हे. "मी त्याला ऑफिसला जाताना पाहिलं" हे आपण रोज दोन्ही अर्थांनी बोलतो. कधी मी जात असतो, कधी तो. ऐकणाऱ्याला अडत नाही, कारण कोण ऑफिसला जातो हे त्याला आधीच ठाऊक असतं. अहवाल वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं.

घोळ आहे तो "-ताना"चा. हे रूप पाहणाऱ्यालाही लागतं आणि ज्याला पाहिलं त्यालाही. वर ते स्वतःच्या अंगावर लिंगाची किंवा वचनाची कसलीच खूण ठेवत नाही. बाप्या असो, बाई असो, दहा जण असोत, "उतरताना" ते "उतरताना"च. म्हणून तुकडा सरकवण्यापेक्षा त्याचं रूप बदलावं.

कामगार उतरत असेल तर: "शिडीवरून उतरत असलेल्या कामगाराला पर्यवेक्षकांनी पाहिले." आता "असलेल्या" कामगाराच्या दावणीला बांधलं गेलं, ते सुटून पर्यवेक्षकांकडे जाऊ शकत नाही.

पर्यवेक्षक उतरत असतील तर: "पर्यवेक्षक शिडीवरून उतरत असताना त्यांनी कामगाराला पाहिले." इथे उतरण्याला स्वतःचा कर्ता मिळाला.

"उतरणाऱ्या कामगाराला" असं लिहायचा मोह होतो, पण ते टाळतो. "उतरणारा" म्हणजे त्या क्षणी उतरत असलेला, रोज उतरतो तो, किंवा अजून उतरायचा आहे तोही. एक शंका काढून दुसरी कशाला घालायची?

शाईपेन
वा. म्हणजे माझं पहिलं वाक्य जिथल्या तिथेच राहिलं. आणि दुसरं?

जुना खोडरबर
दुसऱ्यात तुम्ही एक गोष्ट सुधारली आणि एक बिघडवली. रागावू नका.

मूळ वाक्यात तीन सर्वनामं आहेत: त्यांच्या, त्यांनी, आपला. मी प्रत्येकाच्या जागी एकेक उमेदवार उभा करून वाचतो. "त्यांच्या" म्हणजे पर्यवेक्षकांच्या? चालतं. कामगारांच्या? तेही चालतं. "त्यांनी"चंही तसंच. स्वतःच्याच सांगण्यावरून कोणी पट्टा सोडत नाही, निवांत यांचा एकटा कामगार सोडून, म्हणून दोन्ही जागी एकच माणूस बसवता येत नाही. राहिले दोन अर्थ. शिडीचे दोन. दोन गुणिले दोन, चार.

आता "आपला". त्याच्या जागी उमेदवार उभे करायची गरजच नाही. वाक्यात जो करणारा, त्याचा तो "आपला". "त्यांनी" कोणीही असोत, पट्टा त्यांचाच. म्हणजे मूळ वाक्यातला एकमेव सरळ शब्द हाच होता आणि तुम्ही नेमका तोच काढलात. "कामगारांनी त्यांचा पट्टा सोडला" हे मराठी कानाला ऐकू येतं ते असं की, स्वतःचा असता तर "आपला" म्हटलं असतं, ज्या अर्थी "त्यांचा" म्हटलंय त्या अर्थी दुसऱ्याचा असावा. आता कामगार पर्यवेक्षकांचा पट्टा सोडतायत असाही अर्थ निघतो. मूळ वाक्यात हा नव्हता.

"कामगारांनी" असं नाम परत लिहिलंत ते मात्र बरोबर केलंत.

पडवी
"आपला" शब्दावरून वाद कशाला हे समजलं नाही. आपण, आपले, आपणास हे आदराचे शब्द आहेत आणि हल्ली पत्रव्यवहारातून ते नाहीसे होत चालले आहेत याचं वाईट वाटतं. कामगारांनाही "त्यांनी" असं आदराने लिहिणाऱ्या त्या माणसाचं कौतुक करायला हवं.

निवांत
पडवी, तो "आपण" वेगळा. आपला हा नव्हे. :)

अर्धविराम
पण पडवींनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. "आपला" तीन घरचा पाहुणा आहे. एक वाक्यातल्या कर्त्याचा, दुसरा समोरच्याला आदराने म्हटलेला, तिसरा तुमचा आमचा सगळ्यांचा. "कामगाराने आपला पट्टा सोडला" हे कारखान्याच्या आतल्याच माणसाने लिहिलं असेल, तर कारखान्याने दिलेला, म्हणजे आपल्या सगळ्यांचा पट्टा असंही वाचता येईल. खोडरबर म्हणतात तितका सरळ नाही तो.

जुना खोडरबर
अर्धविराम, मान्य. आणि याहून मोठी खोच "की" आल्यावर असते. "पर्यवेक्षकांना वाटले की कामगार आपला पट्टा सोडेल." कोणाचा पट्टा? इथे "आपला" आतल्या करणाऱ्याकडे जातो, कामगाराकडे, आणि "की" ओलांडून बाहेरच्या पर्यवेक्षकांकडेही जातो. अशा ठिकाणी मी "स्वतःचा" वापरतो. "कामगार स्वतःचा पट्टा सोडेल" म्हटलं की तो आतल्या आत राहतो. शाईपेन यांच्या वाक्यात "की" नाही, म्हणून "आपला" चालून गेला असता. पण "स्वतःचा" केलंत तरी बिघडत नाही, आणि सगळ्यांच्या पट्ट्याची शंकाही जाते.

निवांत
"की" वरून आमच्या घरातला किस्सा. बहिणीचा मेसेज: "दादा म्हणतोय मला घ्यायला ये." मी दादाला आणायला गेलो. दादा मजेत घरी झोपलेला. बहीण दीड तास उभी. तिचं म्हणणं, दादा म्हणाला की तू मला, म्हणजे तिला, घ्यायला जा. माझं म्हणणं, दादाचं बोलणं सांगतेयस तर "मला" म्हणजे दादाला. अजून मिटलेलं नाही, जेवताना विषय निघतो.

तिरकी रेघ
दोघंही बरोबर आहात, तेच तर दुखणं आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण त्याचा "मी" तसाच ठेवतो, अवतरणचिन्हं न घालता. "अनिल म्हणाला मी नापास झालो." नापास अनिल की सांगणारा?

अर्धविराम
म्हणून काही जण "अनिल म्हणाला की तो नापास झाला" लिहितात. मग तिसराच कोणी नापास होतो. त्यापेक्षा "अनिलने आपण नापास झाल्याचे सांगितले." एक अनिल, एक नापास.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे या हो. मला सोपा उपाय दिसतो. मराठीत आदरार्थी वचन आहे, ते वापरा. पर्यवेक्षक "ते", कामगार "तो". "पर्यवेक्षकांनी कामगाराला पाहिले व त्यांच्या सांगण्यावरून त्याने आपला पट्टा सोडला." नाम परत लिहायला नको, वाक्य लांबवायला नको, एकच अर्थ. कर्ता बाई असती तर "तिने" लिहून असंच सुटलं असतं.

टाचणी
सुटतं खरं, पण कोणाच्या जिवावर? मी पंधरा वर्षं कारखान्यात मशीनवर काढली. एकाच कागदावर साहेब "त्यांनी" आणि मी "त्याने". तोच कागद दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर. अर्थ स्पष्ट होता, हो. फारच स्पष्ट होता.

उंबरठा
टाचणी, ते डोक्यात आलं नव्हतं. पण मग सगळ्यांना "त्यांनी" लिहिलं की घोळ आलाच की.

टाचणी
मग नाव लिहा, हुद्दा लिहा. परत लिहिल्याने शाई संपत नाही.

मी_काय_म्हणतो
तोच शब्द परत परत लिहू नये असं आम्हाला निबंधात शिकवलं होतं.

जुना खोडरबर
त्या शिकवणीने अहवालांची वाट लावली आहे. तोच शब्द नको म्हणून लोक पहिल्या ओळीत "पर्यवेक्षक", दुसरीत "संबंधित अधिकारी", तिसरीत "वरिष्ठ" लिहितात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच माणूस असतो, वाचणारा तीन खुर्च्या मांडतो. अहवालात एका माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव द्यावं.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. नाम परत लिहिताना त्याला मागच्याशी जोडावं लागतं. "पर्यवेक्षकांना एक कामगार दिसला. कामगाराने पट्टा सोडला." यातला दुसरा कामगार तोच की आणखी एक? "त्या कामगाराने" लिहिलं की प्रश्न उरत नाही. तेवढा एक "त्या" पुरतो.

टाचणी
एक माझीही अडचण विचारते, विषयाला धरूनच आहे. वडिलांनी मृत्युपत्राचा कच्चा मसुदा स्वतः लिहिलाय. त्यात "माझ्या मोठ्या मुलाच्या मुलीला" असं आहे. माझ्या मोठ्या भावाला दोन मुली आहेत, धाकट्याला एक. मोठ्या भावाची मुलगी म्हणजे कुठली? की मुलाची मोठी मुलगी? वडील म्हणतात, अगं स्पष्ट तर आहे.

अर्धविराम
त्यात दोन भानगडी एकत्र आहेत. "मोठ्या" हे "मुलाच्या"लाही लागतं आणि "मुलीला"लाही, कारण विभक्ती लागली की पुल्लिंग असो वा स्त्रीलिंग, "मोठ्या"च होतं. साध्या रूपात फरक दिसला असता: "मोठ्या मुलाची मुलगी" आणि "मुलाची मोठी मुलगी". "-ला" लागला की तो फरक पुसला जातो. दुसरी भानगड म्हणजे मोठ्या भावाला मुली दोन, आणि वाक्यात एकच.

जुना खोडरबर
अर्धविराम यांनी बरोबर सांगितलं. विशेषण ज्याचं, त्याच्या लगेच आधी ठेवायचं: "माझ्या मुलाच्या मोठ्या मुलीला". तिरकी रेघ, शेजारचा नियम इथे तुमच्या बाजूने आहे. विशेषणाला तो लागू पडतो, "-ताना"ला पडत नाही. उलट अर्थ हवा असेल तर नुसतं सरकवून भागणार नाही, "माझा जो मोठा मुलगा, त्याच्या मुलीला" असं फोडावं लागेल.

पण टाचणी, मृत्युपत्रात हे काहीच करू नका. नातीचं पूर्ण नाव घाला आणि मसुदा वकिलांना दाखवा. जिथे नाव लिहिता येतं तिथे व्याकरणाच्या भरवशावर राहू नये.

टाचणी
वडिलांना विचारलं. त्यांच्या मनात दोन्ही नाती होत्या! "मुलीला" हे म्हणे दोघींना मिळून.

निवांत
म्हणजे अर्धविराम आणि खोडरबर यांनी मिळून एका नातीचा वाटा सफाईदारपणे उडवला होता. :)

अर्धविराम
गप्प बसतो. पण आणखी एक विचारून मग. "-ऊन"चा नियम तरी पक्का आहे ना? करून, जाऊन, बघून याचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच हवा. "घरातून निघून पाऊस सुरू झाला" चूक, कारण पाऊस घरातून निघाला नाही. "मी घरातून निघाल्यावर पाऊस सुरू झाला" बरोबर. अहवालात मी हे डोळे मिटून बदलतो.

तिरकी रेघ
"भिंत पडून दोघे जखमी झाले." पडली भिंत, जखमी दोघे. बदलता का डोळे मिटून?

अर्धविराम
अं. नाही. हे चालतं. का चालतं?

जुना खोडरबर
कारण आणि परिणाम असले आणि पहिल्या क्रियेत कोणाची इच्छा नसली, तर "-ऊन"ला दुसरा कर्ता चालतो. भिंत पडून, पाऊस पडून, वीज जाऊन. शिवाय "ती बातमी ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले" यात व्याकरणाने कर्ता पाणी आहे, पण बातमी पाण्याने ऐकली असं कोणाच्या मनातही येत नाही. मराठीत ज्याला अनुभव येतो तो माणूस "मला", "तिच्या" अशा रूपांत लपलेला असतो आणि "-ऊन" त्याला शोधून काढतो. म्हणून "कर्ता एकच हवा" असं न म्हणता मी स्वतःला विचारतो: हे करणारा माणूस पुढच्या वाक्यात कुठेतरी हजर आहे का? "घरातून निघून पाऊस सुरू झाला" यात निघणारा कुठेच हजर नाही, म्हणून ते लोंबकळतं.

फसवं असतं ते कर्मणी वाक्य. "अर्ज तपासून निर्णय कळवला जाईल." तपासणार कोण, कळवणार कोण? दोन्हीकडे माणूस गायब.

तिरकी रेघ
ते संदिग्ध नाही, ते मोघम आहे. दोन अर्थ निघत नाहीत, एकच निघतो, फक्त अपुरा. दोन्हींत फरक आहे.

जुना खोडरबर
फरक आहे. पण जबाबदारी कोणाची हे शोधायला बसलेल्याला तो कितपत उपयोगी पडतो, ते माहीत नाही.

तिरकी रेघ
दुरुस्त करणाऱ्याला पडतो. संदिग्ध वाक्य माझ्या टेबलावर दुरुस्त होऊ शकतं. मोघम वाक्यासाठी उठून कोणाला तरी विचारावं लागतं.

शाईपेन
मी उठून विचारलं. म्हणजे फोन केला. वर तुम्ही "कामगार उतरत असेल तर", "पर्यवेक्षक उतरत असतील तर" असं लिहिलंत तेव्हाच लक्षात आलं की यातलं खरं कुठलं हे मला माहीतच नाही. अहवाल लिहिणाऱ्याशी बोलले. बसा खाली.

शिडीवरून पर्यवेक्षक उतरत होते. वरची तपासणी करून. कामगार शिडीवर नव्हताच, तो बाजूच्या परांचीवर होता.

आणि "त्यांच्या सांगण्यावरून" म्हणजे पर्यवेक्षकांच्याही नाही आणि कामगाराच्याही नाही. मी इथे दिलेल्या वाक्याच्या आधी एक वाक्य होतं: "घटनेच्या वेळी सुरक्षा अधिकारी खाली उपस्थित होते." सांगितलं त्यांनी! लिहिणाऱ्याच्या मनात "त्यांच्या" म्हणजे पहिल्यापासून तेच होते.

शिवाय पट्टा सोडला म्हणजे अंगावरचा पट्टा काढला नाही. पट्टा अंगावरच होता, त्याच्या दोराचा हुक आडव्या पाइपवरून काढला, पुढे सरकण्यासाठी. दोर एकच असल्यामुळे तेवढा वेळ तो कशालाच अडकवलेला नव्हता, म्हणून नोंद झाली.

मी_काय_म्हणतो
पर्यवेक्षक शिडीवर चढतो असं मी पहिल्यापासून म्हणत होतो.

निवांत
तुमचा पहिला प्रतिसाद जपून ठेवलाय हो.

जुना खोडरबर
मी चार अर्थ मोजले आणि खरा अर्थ त्या चारांत नव्हता. मागचं वाक्य मागायला हवं होतं, चूक माझी. सर्वनाम पूर्णविरामाला जुमानत नाही. उमेदवार शोधताना निदान मागची दोन वाक्यं तरी बघावीत.

आता लिहा बघू.

शाईपेन
पहिला प्रयत्न:

"घटनेच्या वेळी सुरक्षा अधिकारी खाली उपस्थित होते. पर्यवेक्षक शिडीवरून उतरत असताना त्यांना परांचीवर एक कामगार दिसला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्या कामगाराला पट्ट्याच्या दोराचा हुक काढण्यास सांगितले. त्यानुसार त्या कामगाराने स्वतःच्या पट्ट्याच्या दोराचा हुक आडव्या पाइपवरून काढला."

अर्धविराम
गप्प बसणार होतो, पण दुसऱ्या वाक्यातलं "त्यांना". पर्यवेक्षक उतरत असताना सुरक्षा अधिकाऱ्यांना कामगार दिसला, असंही वाचता येतं. ते मागच्याच वाक्यात उभे आहेत.

जुना खोडरबर
आणि तो साचा मीच वर दिला होता! दोनच माणसं असताना तो चालला असता, तिसरा आला की गळतो. सर्वनामच काढा: "शिडीवरून उतरत असलेल्या पर्यवेक्षकांना परांचीवर एक कामगार दिसला." आता "त्यांना" नाहीच, तर जाईल कुठे?

टाचणी
पर्यवेक्षक किती होते? आदराने लिहिलं की एक आणि अनेक सारखेच दिसतात. सुरक्षा अधिकाऱ्यांचंही तेच.

शाईपेन
एकेकच. पण "एका पर्यवेक्षकांना" कसंतरीच वाटतं.

टाचणी
आम्ही वरच लिहायचो: उपस्थित, पर्यवेक्षक १, सुरक्षा अधिकारी १, कामगार १. मग खाली कितीही आदर करा.

जुना खोडरबर
हे मी उचलतो. आणि शाईपेन, आता हा मजकूर ज्याला घटनेची काहीच माहिती नाही अशा कोणाला तरी द्या. "कळलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तुमच्या सहकाऱ्यालाही मूळ वाक्य कळलंच होतं. कोण उतरत होतं, कोणी सांगितलं, हुक कोणी काढला, असं एकेक विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. दोघांची उत्तरं वेगळी आली तर वाक्य अजून कच्चं आहे.

मी_काय_म्हणतो
एका ओळीच्या चार ओळी झाल्या. वाचायचं कोणी?

शाईपेन
ज्याला सही करायची आहे त्याने. :) दोघांना दिलं. कोण उतरत होतं आणि कोणी सांगितलं, याची उत्तरं जुळली. पण दुसरीने उलट मला विचारलं, हुक काढायला सांगितलं तेव्हा पर्यवेक्षक खाली पोचले होते की अजून शिडीवरच होते? हे वाक्यात नाही. अहवाल लिहिणाऱ्यालाही आठवत नाही.

तिरकी रेघ
मग ते लिहू नका. पण "त्यानंतर" वगैरे घालून क्रमही लावू नका. माहीत नाही ते मोघमच राहू दे, ते खरं आहे.

उंबरठा
मला तर वाटतं "वेळेचा क्रम निश्चित नाही" असं स्पष्ट लिहावं. नाहीतर वाचणारा वाक्यांच्या क्रमालाच घटनांचा क्रम समजतो.

तिरकी रेघ
हे पटतंय. बरं शाईपेन, आता मी तुमचा पहिला प्रतिसाद परत वाचला. "वरिष्ठांना दोन्ही वाक्यं दाखवली तर ते म्हणाले, हेच बरोबर आहे." हेच म्हणजे कोणतं? मूळ की तुमचं?

शाईपेन
अरे देवा. मूळ.